एसीचं पाणी घरात गळतंय? गॅस भरण्याआधी पाण्याची वाट तपासा

उन्हाळाभर नीट चाललेला स्प्लिट एसी पहिला पाऊस झाला की घरातच पाणी टपकवायला लागतो. भिंतीवर ओघळ येतात, खाली बादली ठेवावी लागते आणि 'गॅस संपला असेल' असा अंदाज बांधला जातो. पण खोली नेहमीसारखी गार होत असेल तर गॅसचा प्रश्न सहसा नसतो. एक तर पाणी बाहेर नेणारा ड्रेन पाइप तुंबलेला असतो, नाहीतर आतलं युनिट चुकीच्या बाजूला कललेलं असतं.

पाणी येतं कुठून?

गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम येतो, तसंच आतल्या युनिटमधल्या थंड कॉईलवर हवेतलं पाणी जमतं. ते खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेन पाइपने बाहेर जातं. घरगुती स्प्लिट एसीत हे पाणी ढकलायला बहुधा मोटर नसते, ते फक्त उतारावर वाहतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी थोडंच निघतं, म्हणून पाइप अर्धा बुजला तरी कळत नाही. हवा दमट झाली की दीड टनाचा एसी तासाला लिटरभर, कधी त्याहूनही जास्त पाणी काढतो. मग ट्रे भरतो आणि पाणी घरात उतरतं.

आधी बाहेरचं टोक बघा

एसी अर्धा तास चालवा आणि पाइपाच्या बाहेरच्या टोकातून पाणी येतंय का ते बघा. दमट दिवसातही बाहेर थेंब नाही आणि आत गळती आहे, म्हणजे पाइप तुंबलाय. धूळ आणि शेवाळ मिळून आत बुळबुळीत गाळ तयार होतो. कधी टोकाशी कुंभारमाशी मातीचं घर करते. पाइप मध्येच वर चढून खाली आला असेल किंवा टोक भरलेल्या बादलीत बुडालं असेल, तरी पाणी अडतं.

साफ करताना एसी नुसता रिमोटने बंद करू नका, एमसीबी पाडा. टोकाची माती, गाळ बोटाने काढा. आतला गाळ बाहेरच्या टोकाकडून ओढून काढावा. मेकॅनिककडच्या ब्लोअरला ओढायची सोय असते, टोकाभोवती ओलं फडकं गुंडाळलं की ते काम होतं. बाहेरून जोरात हवा मारली तर घाण परत ट्रेमध्ये जाते आणि युनिटमागचा जोड निसटू शकतो. तार घातली तर पाइपाला भोक पडतं. टोक उंचावर असेल तर शिडीवर चढायचं धाडस नको.

मग कल बघा

आता एका घरातलं उदाहरण घ्या. मार्चमध्ये बसवलेला दीड टनाचा एसी जूनअखेर डाव्या कोपऱ्यातून गळायला लागला. पाइप उजवीकडून बाहेर गेलेला आणि त्याचं टोक बादलीत बुडालेलं. टोक वर काढताच साचलेलं पाणी भडाभडा आलं, पण डावीकडची गळती थांबली नाही. युनिटवर गवंड्याची लेव्हल धरली, तर डावी बाजू जवळपास 8 मिलिमीटर खाली. मागच्या पत्र्याचा डावीकडचा स्क्रू सैल झाला होता. उजवीकडे तोंड असलेल्या ट्रेमध्ये पाणी डावीकडे साचत होतं. मेकॅनिकने नवी गिट्टी ठोकून पत्रा पक्का केला आणि गळती बंद झाली.

युनिट सरळ लेव्हलमध्ये किंवा पाइपाच्या बाजूला अगदी थोडं उतरतं असावं. पुढच्या काठावरून पाणी पडत असेल तर खालचे खटके पत्र्यातून सुटून युनिट पुढे झुकलंय का ते बघा. पाइपाच्या उलट कोपऱ्यातून गळत असेल तर कल तपासाच, शिवाय ट्रेच्या दुसऱ्या तोंडाचं रबरी बूच जागेवर आहे का तेही मेकॅनिकला बघायला सांगा. युनिट स्वतः ओढून सरळ करू नका, मागचे तांब्याचे पाइप मुडपले की खरंच गॅस जातो.

काम झालं की खात्री करा

मेकॅनिक समोर असतानाच ट्रेमध्ये अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतायला सांगा. मिनिट-दोन मिनिटांत जवळपास तेवढंच पाणी बाहेर आलं आणि आत थेंब पडला नाही, तर वाट मोकळी आहे.

कॉईलवर बर्फ दिसत असेल, गारवा कमी झाला असेल आणि एसी बंद केल्यावर जास्त पाणी पडत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. आधी जाळी धुऊन वाळवा आणि बसवा. तरीही बर्फ धरला तर गॅस तपासून घ्या. तिथे पाइप साफ करून उपयोग होणार नाही.