भंडारदऱ्याची आदिवासी जमीन: सातबाऱ्यावर न दिसणारे बंधन

काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला जाऊन आलेल्या एका मित्राचा फोन आला. तलावाकाठी वीस गुंठे जमीन मिळतेय, मालक महादेव कोळी समाजाचा, भाव परवडणारा. एजंट म्हणतो, "तुम्ही पण मागासवर्गीयच आहात, तुम्हाला अडचण येणार नाही." मित्र बौद्ध आहे, नोकरदार आहे, आणि त्याला ते पटलेही होते.

एजंटचे ते वाक्य चुकीचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या दृष्टीने खरेदीदार एकतर अनुसूचित जमातीचा असतो, नाहीतर बिगर आदिवासी. अनुसूचित जातीचा किंवा बौद्ध माणूस इथे बिगर आदिवासीच ठरतो. मारवाडी व्यापाऱ्याला किंवा मुंबईच्या बिल्डरला जी परवानगी लागते, तीच आपल्यालाही लागते.

हे बंधन कुठून आले, ते या भागाला सांगावे लागत नाही. १८४० च्या दशकात राघोजी भांगरे यांनी याच अकोले परिसरात सावकार आणि इंग्रज सरकारविरुद्ध बंड केले. कर्जापायी जमिनी सावकारांकडे जात होत्या, हे त्या असंतोषाचे मोठे कारण. पुढे १९२६ मध्ये प्रवरेवरचे धरण पूर्ण झाले आणि खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली. उरलेल्या जमिनीला आज पर्यटनामुळे भाव आला आहे. सावकाराच्या जागी आता टोकन देणारा माणूस येतो, एवढाच फरक.

आता कायदा. संहितेचे कलम ३६ (२) सांगते की आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. म्हणजे एका आदिवासीने दुसऱ्या आदिवासीला विकायची असली तरी परवानगी लागतेच. बिगर आदिवासीसाठी ६ जुलै १९७४ पासून कलम ३६अ लागू आहे आणि ते आणखी कडक आहे. विक्री, बक्षीसपत्र, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा असे सगळे प्रकार त्यात येतात. कोर्टाच्या हुकूमनाम्याने होणारी विक्रीसुद्धा येते. ही जमीन अनुसूचित क्षेत्रातच असली पाहिजे असेही नाही. राज्यात कुठेही असली तरी बंधन आहे.

इथे सर्वात जास्त फसगत सातबाऱ्यामुळे होते. लोक उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-१' पाहतात आणि जमीन मोकळी समजतात. सरकारने दिलेल्या जमिनीला हा नियम ठीक आहे. तिथे 'भोगवटादार वर्ग-२' किंवा 'नवीन व अविभाज्य शर्त' असे लिहिलेले असते आणि गावाच्या नमुना १-क मध्ये तिची नोंद सापडते. पण आदिवासीच्या जमिनीचे बंधन वर्गाला चिकटलेले नसते, ते खातेदाराच्या जमातीला चिकटलेले असते. वडिलोपार्जित वर्ग-१ ची जमीनही खातेदार महादेव कोळी किंवा ठाकर असला की कलम ३६अ खाली येते. 'इतर अधिकार' या रकान्यात तसा शेरा असेल तर उत्तमच, पण शेरा नाही म्हणून बंधन नाही असे होत नाही. म्हणून उताऱ्याबरोबर जुने फेरफार काढावेत आणि खातेदाराची जमात विचारावी. शेजारच्या गटांचे खातेदार कोण आहेत हेही पाहावे. दहा मिनिटांत अंदाज येतो.

मित्राच्या वीस गुंठ्यांचेच उदाहरण पुढे नेऊ. त्याला सरळ मार्गाने जायचे तर अर्ज त्यानेच, म्हणजे बिगर आदिवासी खरेदीदाराने, जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. तिथून कागद चौकशीसाठी खाली तहसील आणि गाव पातळीवर येतात. चौकशीचा गाभा एका प्रश्नात आहे: त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत राहणारा कोणी आदिवासी ही जमीन घ्यायला तयार आहे का? कोणीच तयार नाही अशी खात्री झाल्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांना मंजुरी देता येत नाही. आता तलावाभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ काढून पाहा. शेंडी, मुरशेत, मुतखेल, वाड्या आणि पाडे धरून बहुतेक वस्ती आदिवासींचीच. तिथे 'कोणीच तयार नाही' हे उत्तर सहज यायला नको. ते येते तेव्हा दोन गोष्टी तपासाव्यात. एक, दवंडी किंवा नोटीस खरोखर कधी आणि कुठे दिली, पंचनाम्यावर सह्या कोणाच्या. दुसरी, भाव कोणता सांगितला. रिसॉर्टचा भाव सांगून भातशेती करणाऱ्याला "घेतोस का" विचारले, तर तो नाहीच म्हणणार. माझ्या मते चौकशीतली खरी पळवाट हीच आहे, आणि कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात मागायचा कागद म्हणजे हा चौकशी अहवाल.

अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने ग्रामसभेची पूर्वमंजुरीही लागते. राज्यपालांच्या २०१६ च्या अधिसूचनेने ती अट संहितेत आली. सरपंचाचे पत्र किंवा ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव म्हणजे ग्रामसभेची मंजुरी नव्हे. ही परवानगी मिळाली तरी विक्रीसाठी जिल्हाधिकारी एकटे पुरेसे नाहीत. राज्य शासनाची पूर्वमान्यता घेऊनच ते आदेश काढू शकतात. त्या आदेशानंतर खरेदीखत, मग फेरफार. हा क्रम उलटा करता येत नाही. आधी खरेदीखत करून नंतर मंजुरी 'आणून देतो' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

एवढे लांबचे काम नको म्हणून आडवाटा निघतात. तलावाकाठी तंबू लावायला तोंडी किंवा शंभराच्या स्टॅम्पवर जागा घेतली जाते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला शासनाची मान्यता लागत नाही हे खरे, पण जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागतेच. त्याहून जास्त मुदतीचा पट्टा विक्रीसारखाच शासनाकडे जातो. दुसरी वाट म्हणजे नोटरी केलेले साठेखत आणि सोबत कुलमुखत्यारपत्र. तिसरी, आपल्याकडे कामाला असलेल्या एखाद्या आदिवासीच्या नावे खरेदी. तिथे बेनामी व्यवहाराचा कायदाही आड येतो. आणि जमीन कागदोपत्री ज्याची, त्याच्यावर नसलेल्या मालकीचे ओझे पडते ते वेगळेच.

बेकायदा हस्तांतरण झाल्याचे ठरले की जिल्हाधिकारी ती जमीन उभ्या पिकासह, सर्व बोज्यांतून मुक्त करून, सरकारजमा झाल्याचे जाहीर करतात. नंतर मूळ आदिवासी खातेदाराला ती परत घेण्याबाबत आधी विचारले जाते. जिल्हाधिकारी स्वतःहूनही हे प्रकरण सुरू करू शकतात. दिवाणी कोर्टात जाऊन ते थांबवता येत नाही. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला गेला होता, हा बचाव टिकत नाही. याआधीचे, म्हणजे १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले व्यवहार वेगळ्या जमीन परत करण्याच्या कायद्याखाली येतात. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये वैध ठरवला.

काही जमिनींना मात्र परवानगीचा मार्गच नाही. वनहक्क कायदा २००६ खाली मिळालेला पट्टा वारसांना जातो, पण विकता येत नाही, कोणाचीही सही आणली तरी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या या पट्ट्यात अशा जमिनी दाखवून टोकन घेतले जाण्याची शक्यता मोठी. मालकाच्या हातात सातबारा आहे की वनहक्काचे प्रमाणपत्र, हे आधी पाहावे.

आपल्या वाचकांच्या घरातही अशीच एक जमीन असते. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले आणि ती जमीन नवीन शर्तीवर परत मिळाली. ती विकायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा लागतो. चुलत्याने कोऱ्या कागदावर सही करून दिलेली वतनाची जमीन सोडवण्यासाठी जे कुटुंब तहसीलच्या पायऱ्या झिजवते, त्याला मुरशेतच्या खातेदाराची बाजू वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मित्राने टोकन दिले नाही. एजंटने चार दिवसांनी तीच जमीन 'अकरा महिन्यांच्या कराराने' देऊ केली. त्याला मी विचारायला सांगितले की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा आदेश क्रमांक काय. त्यानंतर त्या एजंटचा फोन आलेला नाही.