भाडेकरार सहीला पाठवताना सोबत साध्या मराठीत सारांश कसा द्यावा?

कामोठ्यात फ्लॅट भाड्याने घेताना बहुतेक वेळा असं होतं: एजंट व्हॉट्सॲपवर आठ-दहा पानांची पीडीएफ पाठवतो आणि खाली लिहितो, "ड्राफ्ट बघून घ्या, उद्या थंब आहे." पीडीएफ इंग्रजीत असते. घेणारा भाडं आणि डिपॉझिटचा आकडा बघून ओके पाठवतो. वाद होतात ते नेमके न वाचलेल्या पानांवरून.

म्हणून मालकाने किंवा एजंटने ड्राफ्टसोबत एक छोटा सारांश पाठवावा. कोणी पाठवला नाही, तर भाडेकरूने स्वतः लिहून "मला करार असा समजला, बरोबर आहे का?" असं विचारावं. दुसरा मार्ग खरं तर जास्त उपयोगी, कारण उत्तर लेखी मिळतं.

एक उदाहरण घेऊ. वन बीएचके, भाडं 14,000 रुपये, डिपॉझिट 50,000 रुपये, मुदत 11 महिने. सारांश असा असू शकतो:

मुदत: 1 ऑगस्ट 2025 ते 30 जून 2026.
भाडं: दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत मालकाच्या खात्यात (कलम 3).
सोसायटी मेंटेनन्स आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्ज मालक भरणार, लाइट आणि गॅस बिल भाडेकरू (कलम 5).
लॉक-इन: 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत. त्यानंतर एक महिन्याची लेखी नोटीस (कलम 9).
डिपॉझिट: चावी दिल्याच्या दिवशी, थकीत बिलं वजा करून परत (कलम 4).
नोंदणी: मालक करणार, खर्च अर्धा-अर्धा.
हा फक्त सारांश आहे. सही होणार तो करारच लागू.

प्रत्येक ओळीपुढे कलमाचा नंबर असला की समोरचा थेट तिथे जाऊन ताडून बघू शकतो. आणि "तीन महिने लॉक-इन" असं न लिहिता तारीख लिहा. तारीख लिहायला बसलं की करारातली संदिग्धता आपोआप वर येते.

वरच्या उदाहरणातच बघा. लॉक-इन 31 ऑक्टोबरला संपतं आणि नोटीस एक महिन्याची. मग भाडेकरू लवकरात लवकर कधी जाऊ शकतो? नोटीस लॉक-इनच्या काळात देता येत असेल, तर 30 सप्टेंबरला कळवून 31 ऑक्टोबरला घर सोडता येईल. नोटीस लॉक-इन संपल्यावरच द्यायची असेल, तर 30 नोव्हेंबरच्या आधी नाही. फरक पूर्ण 14,000 रुपयांचा. कलम 9 मध्ये याबद्दल एक शब्द नसेल, तर सही करण्यापूर्वी एक वाक्य घालून घ्या आणि मग सारांशात "सर्वात लवकर सोडण्याची तारीख" अशी वेगळी ओळ लिहा.

दुसरी तारीख म्हणजे शेवटची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 नुसार, मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. इथे ती महिना 28,000 होईल. बरेच जण "करार रिन्यू होईलच" म्हणून राहतात. सारांशात "30 जूनला मुदत संपते, नवा करार करायचा असल्यास 31 मे पर्यंत ठरवू" असं लिहिलेलं बरं.

नोंदणीची ओळ मालकासाठी महत्त्वाची. त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर आहे, भाडेकरूवर नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नोटरी केलेला करार म्हणजे नोंदणी नव्हे, हा गैरसमज आपल्याकडे अजून आहे.

आता, सारांश आणि करार जुळले नाहीत तर? साधारणपणे सही झालेला करारच धरला जातो. व्हॉट्सॲपवर "मेंटेनन्स मालक भरेल" असं लिहिलंय आणि करारात उलटं असेल, तर नुसत्या मेसेजवर विसंबून राहू नका. चुकीची माहिती देऊन सही घेतली असेल तर भारतीय करार कायद्यात दाद मागता येते, पण ते सिद्ध करत बसावं लागतं, आणि करार स्वतः वाचून पाहणं शक्य होतं हा मुद्दा तिथे उलटू शकतो. त्यापेक्षा तफावत दिसली की ड्राफ्टच दुरुस्त करून मागा.

हे सगळं बोट टेकवण्याआधी. ऑनलाइन नोंदणीत मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांचे फोटो आणि आधारवर अंगठे घेतले जातात. नंतर अट बदलायची तर पुन्हा दस्त, पुन्हा खर्च. म्हणून ड्राफ्ट आणि सारांश किमान दोन दिवस आधी पाठवा आणि "कलम 4, 5 आणि 9 वाचून कळवा" असं नेमकं विचारा. नुसता अंगठ्याचा इमोजी आला, तर एकदा फोन करा.