चहाच्या नावांत दडलेले श्रम

१७७३ सालच्या डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४० पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. त्यामागचे राजकारण आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. पण त्या पेट्यांत कोणता चहा होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्यांत २४० पेट्या बोही, ६० सिंग्लो, १५ काँगू, १५ हायसन आणि १० सुचाँग होत्या. हे पाचही शब्द चिनी. इंग्रज व्यापाऱ्यांच्या कानांवर जसे पडले तसे त्यांनी ते लिहून घेतले. त्यांचे मूळ अर्थ पाहिले, म्हणजे चहाचा सारा प्रवास उलगडतो.

बोही म्हणजे वू-यी. फुकियन प्रांतातल्या डोंगराचे हे नाव. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात हे नाव उंची काळ्या चहाचे होते. मागणी वाढली, तसा इतर ठिकाणचा जाडाभरडा मालही त्याच नावाने पेट्यांत भरला जाऊ लागला. शतक संपण्यापूर्वीच बोही हा सर्वांत हलका काळा चहा ठरला. डोंगर जागच्या जागीच राहिला. नाव मात्र बाजारात घसरले.

काँगूची गोष्ट आम्हांला अधिक जवळची वाटते. आमचे आयुष्य कामगारांत गेले, आणि हा शब्द मुळात ‘कुंग-फू’, म्हणजे मेहनत, कसून केलेले काम. खुडलेली पाने आधी सुकत घालावयाची. ती मऊ पडली, की मळावयाची. त्याने पानातला रस बाहेर येतो. मग रास करून ठेवावयाची, म्हणजे हवेच्या संपर्काने हिरवेपणा जाऊन तांबूस रंग चढतो. नंतर विस्तवावर वाळवावयाची. एवढ्याने काम संपत नाही. माल चाळावयाचा, सुपाने पाखडावयाचा आणि देठ व जून पाने एकेक करून वेचावयाची. या निवडटिपणीचीच मेहनत नावात उतरली. पुढे लंडनच्या बाजारात काँगू म्हणजे रोजचा साधा काळा चहा, एवढाच अर्थ उरला.

‘यंग हायसन’ या हिरव्या चहाचे चिनी नाव ‘यू-च्येन’, म्हणजे पावसापूर्वीचा. एप्रिलच्या २० तारखेच्या सुमारास चिनी पंचांगात ‘धान्यपाऊस’ हा काळ सुरू होतो. त्याआधी खुडलेला कोंब हिवाळाभर साठवलेल्या सत्त्वावर सावकाश वाढलेला असतो. म्हणून त्याला गोडवा अधिक आणि तुरटपणा कमी. पुढे ऊन तापते, पान झपाट्याने वाढते आणि कडवट होते. नाव ऋतूचे असले, तरी भाव त्या कोवळेपणाचा होता.

मग नकली कोवळेपणाही आला. रॉबर्ट फॉर्च्यून हा इंग्रजांचा माणूस १८४८ साली वेष पालटून चीनच्या चहामुलखात शिरला. परदेशी जाणाऱ्या हिरव्या चहावर निळा रंग आणि जिप्सम चढवताना त्याने पाहिले. त्याच्या हिशेबाने शंभर पौंड चहामागे अर्ध्या पौंडाहून अधिक रंग गिऱ्हाइकाच्या पोटात जात होता. चिनी माणूस स्वतः असला चहा पीत नव्हता. परदेशी गिऱ्हाइकाला एकसारखा हिरवा रंग हवा, म्हणून हा खटाटोप. आणि तो करणाऱ्या मजुरांचे हात निळे झालेले होते. पेटीवरच्या नावात याची खूण कुठेच नव्हती. ती त्या हातांवर होती.

शेवटी पेको. ‘पेक-हो’ म्हणजे पांढरी लव. न उमललेल्या कोंबावर आणि कोवळ्या पानाच्या पाठीवर ही लव असते. काळ्या चहात तिचाच सोनेरी टोक होतो. लव दिसली, की कोवळा खुडा होता हे नजरेला कळते. हा शब्द हिंदुस्थानातल्या मळ्यांत आला तेव्हा मात्र तो यंत्राच्या चाळणीवर बसला. अखंड लांब पान ते ऑरेंज पेको, तुटलेले ते ब्रोकन, त्याहून बारीक ते फॅनिंग्ज आणि तळाशी डस्ट. संत्र्याशी त्याचा काही संबंध नाही. सुचाँग हा शब्दही असाच उलटला. ‘लहान वाण’ असा त्याचा अर्थ, आणि बोस्टनच्या काळी तो काँगूहून वरचा माल होता. मळ्यांच्या प्रतवारीत तो जाड, जून पानाचे नाव झाला.

तेव्हा प्रतीचा शब्द पानाचा आकार सांगतो, गुण सांगत नाही. सामान्य मळ्याचा ऑरेंज पेको चांगल्या मळ्याच्या डस्टपुढे फिका पडू शकतो. बारीक चहा लवकर आणि गडद उतरतो; दूध-साखर घालून उकळणाऱ्या आपल्या घरांना तोच सोयीचा. १९३० साली आसामात सीटीसी यंत्र निघाले आणि आपली ओळखीची दाणेदार ममरी आली. तिच्यात पान ओळखू येतच नाही. तिची पारख करावयाची तर नाव बाजूला ठेवावे आणि पेल्यातला रंग, वास व चव पाहावी. लांब पानाच्या चहात मात्र देठ किती आणि सोनेरी टोके किती, हे तळहातावर घेऊन पाहता येते. कुंग-फू या शब्दातली मेहनत कोणी घेतली की नाही, हे तिथे दिसते.