बहुभाडेकरू डेटाबेसमधील विलगीकरण : सेल्सफोर्सच्या सामायिक सारणीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
एकाच प्रणालीत अनेक ग्राहक-संस्थांची, म्हणजेच ‘भाडेकरूं’ची, माहिती परस्परांपासून विलग कशी ठेवावी, या प्रश्नाची तीन उत्तरे मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेल्या २००६ मधील एका लेखात एकत्र मांडण्यात आली : प्रत्येकास स्वतंत्र डेटाबेस, एका डेटाबेसमध्ये प्रत्येकाचा स्वतंत्र स्कीमा किंवा सर्वांसाठी सामायिक सारण्या. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झालेल्या सेल्सफोर्स या कंपनीने तिसरा मार्ग स्वीकारला. प्रस्तुत लेखात त्या निवडीच्या परिणामांचा विचार केला आहे.

सामायिक सारणीची रचना :
कंपनीच्या अभियंत्यांनी २००९ च्या सिग्मॉड परिषदेत ही रचना विशद केली. सर्व संस्थांच्या नोंदी एकाच विशाल सारणीत असून प्रत्येक नोंदीवर `OrgID` हा संस्थाक्रमांक असतो. `Value0` ते `Value500` हे स्तंभ केवळ मजकूर साठवितात. एकाच स्तंभात एका संस्थेचे ग्राहकनाव, तर दुसरीची तारीख असू शकते. स्तंभाचा अर्थ निराळ्या सारणीत नोंदविलेला असतो. येथे दोन भाडेकरूंमधील भिंत म्हणजे प्रश्नातील एक अट होय :

```
WHERE OrgID = :org
```

ही अट एका ठिकाणी जरी राहून गेली, तरी दुसर्‍या संस्थेची माहिती उघड होते. म्हणून ती लिहिण्याचे काम ग्राहकाच्या प्रोग्रामरवर न सोपविता प्रणालीनेच करावे लागते.

गोंगाट करणार्‍या शेजार्‍याची समस्या :
समजा, एका संस्थेच्या २०० नोंदी आहेत आणि दुसरीच्या २० लाख. डेटाबेस संपूर्ण सारणीची सरासरी पाहून शोधाचा मार्ग ठरवितो. तो मार्ग एकीस सोयीचा, तर दुसरीस घातक ठरतो. एकच प्रश्न एकाच भाडेकरूसाठी मंदावणे हे याचे लक्षण होय. यावर उपाय म्हणून सेल्सफोर्सने प्रत्येक संस्थेची स्वतंत्र आकडेवारी ठेवली.

सर्वच भाडेकरू एकाच वेळी मंदावले, तर मात्र कारण निराळे असते : कोणी एक जण सामायिक प्रोसेसर अथवा डिस्क व्यापून टाकतो. त्यासाठी कंपनीच्या ‘अपेक्स’ भाषेत मर्यादा घालण्यात आल्या. एका समकालिक व्यवहारात १०० प्रश्न आणि १० सेकंद प्रोसेसर-वेळ, एवढीच मुभा असते. मर्यादा ओलांडणार्‍याचा व्यवहार रद्द होतो. शेजार्‍यांना त्याची झळ पोहोचत नाही.

निष्कर्ष :
माहितीचे विलगीकरण आणि साधनांचे विलगीकरण हे दोन भिन्न प्रश्न आहेत. स्वतंत्र स्कीमा वा स्वतंत्र डेटाबेस पहिल्या प्रश्नाचे अधिक भक्कम उत्तर देतात. एका संस्थेचीच माहिती बॅकअपमधून परत आणणेही स्वतंत्र डेटाबेसमुळे सुलभ होते. परंतु ते डेटाबेस एकाच सर्व्हरवर असतील, तर प्रोसेसर आणि डिस्क सामायिकच राहतात व गोंगाट थांबत नाही. तो थांबविण्यासाठी वापरावर मर्यादा तरी घालावी लागते किंवा यंत्र तरी वेगळे करावे लागते.