ओपीजी : वाचन

ओपीजी (ऑर्थोपँटोमोग्राम) : दोन्ही जबडे एकाच पटावर दाखवणारे क्ष-किरणचित्र. फिनलंडच्या युर्यो पाटेरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हे तंत्र विकसित केले. चित्रात रुग्णाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडे येते.

दात मध्यरेषेपासून मागे मोजतात. वरचा उजवा चतुर्थांश १, वरचा डावा २, खालचा डावा ३ आणि खालचा उजवा ४. म्हणून खालच्या उजव्या पहिल्या दाढेचा क्रमांक ४६. मोजणी फसते ती बहुधा लहानपणी दाढ काढलेली असली की. उदाहरणार्थ, एका तिशीतल्या रुग्णाच्या चित्रात वर सोळा आणि खाली डावीकडे आठ दात आहेत. खाली उजवीकडे मात्र सातच. उपदाढांच्या मागे थोडी फट, मग पुढे कललेली दाढ आणि तिच्यामागे हाडात अडकलेली आणखी एक. घाईने वाचणारा यांना ४६ व ४७ म्हणेल आणि अक्कलदाढ जन्मतःच नाही असे लिहील. पण खालच्या पहिल्या दाढेची मुळे एकमेकांपासून चांगली फाकलेली असतात, दुसरीची जवळजवळ. कललेल्या दाढेची मुळे जवळ आहेत, डावीकडच्या ३७ सारखी. म्हणजे ती ४७, अडकलेली ती ४८, आणि गेलेली ती ४६. एकूण दात ३१. रुग्णाला विचारले की दाढ काढल्याची आठवण बहुधा निघतेच.

आता ४८ चे मूळ आणि नसेची नलिका. नलिकेच्या पांढऱ्या कडा मुळापाशी तुटत असतील, नलिका तिथे वळत असेल किंवा मूळ तेवढ्याच भागात काळसर दिसत असेल, तर नस जवळ असण्याची शंका घ्यावी. नस मुळाच्या गालाकडे की जिभेकडे, हे सपाट चित्र सांगू शकत नाही; त्यासाठी सीबीसीटी लागते.

हाडाची पातळी दाताच्या मानेपासून, म्हणजे इनॅमल संपते त्या रेषेपासून मोजतात. निरोगी हाडाचा काठ तिच्याखाली १ ते २ मिमी असतो. ओपीजीत प्रतिमा साधारण २० ते ३० टक्के मोठी येते आणि सर्वत्र सारखी नसते. त्यामुळे मिलिमीटरपेक्षा मुळाच्या लांबीशी असलेले प्रमाण विश्वासार्ह. ४७ च्या पुढच्या बाजूला हाड तिरके उतरलेले दिसते, पण ते शेजारच्या दोन दातांच्या माना जोडणाऱ्या रेषेला समांतर आहे. ही झीज नव्हे, दाढ कलल्याचा परिणाम. मागच्या बाजूला, जिथे ४८ टेकली आहे, तिथे चित्र वेगळे आहे : मानेपासून मुळाच्या टोकापर्यंतचे अंतर पडद्यावर १५ मिमी, तर हाडाचा काठ मानेखाली ५ मिमी. निरोगी हाडही मानेखाली १ ते २ मिमी असते; ते वगळले तर मुळाच्या सुमारे एक चतुर्थांश भागाचा आधार गेला आहे. ही खरी झीज. तरीही हिरडीत प्रोब घालून खोली मोजावी आणि त्या जागेची तोंडातली लहान फिल्म काढावी, कारण गालाकडच्या व जिभेकडच्या भिंती ओपीजीत एकमेकींवर पडतात आणि एकीची झीज दुसरीमागे लपते.