लेदरचं जाकीट थंडीत नाही, पावसाळ्यात खराब होतं. ट्रंकेत ठेवण्याआधी हे करा

छत्रपती संभाजीनगर : पहाटे डेअरीवर दूध घालणारे, मोंढ्यात माल घेऊन जाणारे, रात्रपाळी करून वाळूजहून गावाकडे परतणारे असे बरेच जण थंडीत मोटारसायकलवर लेदरचं जाकीट वापरतात. आपल्याकडे त्याचा वापर जेमतेम अडीच-तीन महिने. नोव्हेंबरात निघतं आणि फेब्रुवारीत परत ट्रंकेत जातं. बाकीचे नऊ महिने ते नुसतं पडून असतं आणि खराब होतं ते याच काळात.

कारण आपलं हवामान. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर त्याहून जास्त तापतं. त्या उष्णतेने चामड्यातलं तेल सुकतं. लगेच जूनपासून दमट हवा सुरू होते आणि बंद कपाटात बुरशी धरते. म्हणजे एकाच वर्षात आधी चामडं कोरडं पडतं, मग ओल धरतं. भेगा आणि कुबट वास ही दोन्ही दुखणी इथूनच येतात.

आधी लेदर आहे की रेक्झिन, ते बघा

बाजारात लेदर म्हणून मिळणारी पुष्कळ जाकिटं रेक्झिनची असतात. कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेला असतो. खिशाच्या आतली किंवा चेनजवळची कड उलटून बघावी. मागच्या बाजूला मऊ, केसाळ धागे दिसले तर चामडं. कापडाची वीण दिसली तर रेक्झिन. वरून पाण्याचा थेंब टाकून बघण्याचा उपाय लोक सांगतात, पण त्यावर विसंबू नये. रंगाचा पक्का थर दिलेल्या चामड्यावरही थेंब तसाच राहतो.

रेक्झिनचे पापुद्रे निघायला लागले की त्याला इलाज नाही. थर कापडापासून सुटलेला असतो, त्यावर क्रीम किंवा तेल लावून पैसे वाया जातात. पुढची माहिती खऱ्या, गुळगुळीत चामड्यासाठी आहे. मखमलीसारख्या लव असलेल्या चामड्याला क्रीम किंवा स्पिरिट लावू नये, त्यावर डाग पडतात. ते फक्त कोरड्या मऊ ब्रशने झाडावं.

वास आणि बुरशी : एक उदाहरण

समजा, कन्नड तालुक्यातल्या एका दूधवाल्याने फेब्रुवारीत जाकीट काढलं, न पुसता प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि घडी करून मागच्या भिंतीला टेकलेल्या ट्रंकेत ठेवलं. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. दिवाळीनंतर ट्रंक उघडली तर कुबट वास, कॉलरवर आणि काखेत पांढरे-हिरवट ठिपके, कोपरावर बारीक रेषा.

ठिपके नेमके कॉलरवर आणि काखेतच का? कारण तिथे घाम आणि अंगाचं तेल मुरलेलं असतं. बुरशीला खायला ते लागतं आणि वाढायला ओल. पिशवीत दोन्ही मिळालं, हवा मात्र नाही.

कधी कधी पांढरा थर बुरशीचा नसतो, चामड्यातली चरबी थंडीत वर आलेली असते. तळहात मिनिटभर त्यावर दाबून धरावा. थर विरघळून दिसेनासा झाला तर ती चरबी, मऊ कापडाने पुसली की झालं. तसाच राहिला आणि वासही येत असेल तर बुरशी.

बुरशी असेल तर जाकीट घरात झटकू नये, कण दुसऱ्या कपड्यांवर बसतात. अंगणात न्यावं, तोंडाला रुमाल बांधावा आणि मऊ ब्रशने झाडून काढावं. मग मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं घ्यावं. आधी कॉलरच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी कापसाने लावून बघावं. कापसाला रंग आला तर थांबावं आणि नुसत्या ओल्या, घट्ट पिळलेल्या कापडाने काम भागवावं. रंग आला नाही तर त्याच पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने ठिपके हलक्या हाताने पुसावेत. चोळून चामडं भिजवायचं नाही.

त्यानंतर दोन दिवस सावलीत, वाऱ्याला टांगावं. उन्हात टाकलं की बुरशी मरते, ही समजूत अर्धीच खरी आहे. बुरशी कमी होईल, पण चामडं आखडेल आणि रंग विटेल.

तरीही वास राहतोच, कारण तो बहुतेक वेळा चामड्यात नाही तर आतल्या अस्तरात असतो. जाकीट उलटं करून सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने अस्तर पुसावं, मग साध्या पाण्याच्या कापडाने. पुन्हा पूर्ण वाळू द्यावं. मग मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जाकीट ठेवून शेजारी खाण्याच्या सोड्याची किंवा लाकडी कोळशाची सुती पुरचुंडी ठेवावी आणि खोकं तीन-चार दिवस बंद ठेवावं. सोडा थेट चामड्यावर टाकू नये, तो शिवणीत अडकतो आणि चामडं रखरखीत करतो. डांबराच्या गोळ्यांनी वास नुसता झाकला जातो, ओल कमी होत नाही. वर गोळ्यांचा वास पुढचा हिवाळाभर अंगाला येतो, तो वेगळाच.

ट्रंकही कोरडी पुसून, दिवसभर उघडी ठेवावी. नाहीतर त्याच ट्रंकेतून बुरशी परत लागते.

क्रीम किती आणि कधी

चामडं कमावताना त्यात तेल मुरवलेलं असतं. त्यामुळेच धागे एकमेकांवर घसरतात आणि जाकीट मऊ राहतं. उन्हाळ्यात हे तेल कमी होतं, ते क्रीमने भरून काढायचं असतं. वर्षातून दोनदा पुरतं: एकदा थंडी संपल्यावर ठेवताना, एकदा दिवाळीनंतर काढताना.

आधी धूळ पुसून जाकीट कोरडं करावं, कारण धुळीवर क्रीम लावलं तर ती आत घासली जाते. लेदरचं रंगहीन क्रीम घ्यावं. बुटाचं पॉलिश नको, ते शर्टाला लागतं. आतल्या कडेला थोडं लावून एक दिवस थांबावं. रंग फार गडद झाला नाही तर पुढे जावं. अख्ख्या जाकिटाला चहाचे तीन-चार चमचे भरतील इतकंच क्रीम लागतं. मऊ सुती कापडावर थोडं थोडं घेऊन पाठ, बाह्या, मग पुढचा भाग असं गोल फिरवत लावावं. कोपर आणि कॉलर कोरडे असतील तर तिथे दुसरा पातळ हात द्यावा. रात्रभर टांगून ठेवावं आणि सकाळी राहिलेलं क्रीम पुसून घ्यावं. बोट फिरवलं की चिकट लागत असेल तर क्रीम जास्त झालं असं समजावं. त्यावर धूळ बसते आणि पावसाळ्यात बुरशीही.

घरात आहे म्हणून खोबरेल तेल लावणारे खूप आहेत. पहिल्या दिवशी जाकीट छान मऊ दिसतं. पण तेल खोल उतरून रंग काळपट करतं, थंडीत थिजून पांढरट होतं आणि काही महिन्यांनी खवट वास मारतं. व्हॅसलीनही नुसतं वर बसून राहतं, आत फारसं मुरत नाही.

भेगा पडल्या तर

खरं सांगायचं तर तुटलेलं चामडं परत जुळत नाही. क्रीम भेग पडू नये म्हणून असतं, पडलेली भेग त्याने भरत नाही. त्यामुळे रेष कसली आहे हे आधी ओळखावं. कोपरावरची जागा दोन बोटांनी हलकी ताणावी. रेष सपाट होऊन जवळपास दिसेनाशी झाली तर तो कोरडेपणाचा चुणा आहे. क्रीमचे दोन-तीन पातळ हात, एकेक दिवस सोडून, दिले की फरक पडतो. ताणल्यावर रेष उघडली आणि आत फिकट, केसाळ धागे दिसले तर ती भेग.

बारीक भेगेत लेदर फिलर पातळ थरांत भरून, प्रत्येक थर वाळवून, वरून त्याच रंगाचा लेदरचा रंग देता येतो. खोल भेगेला वरून काही टिकत नाही. तिथे अस्तराची शिवण उसवून आतून पातळ चामड्याचा तुकडा चिकटवावा लागतो. हे काम बॅगा आणि बूट दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे द्यावं. झटपट चिकटणारा डिंक मात्र कधीच भरू नये. तो काचेसारखा कडक होतो आणि कोपर वाकला की त्याच्याच कडेने नवी भेग जाते.

टांगायचं कसं

खिळ्याला किंवा खुंटीला कॉलरने टांगलं की मानेजवळ टोक येतं आणि ते जात नाही. तारेच्या हँगरने खांद्यावर वळ उठतात. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा, खांद्याशी तीन-चार बोटं रुंद असलेला हँगर घ्यावा. रुंद नसेल तर साध्या हँगरच्या दोन्ही टोकांना जुनं धोतर किंवा टॉवेल गुंडाळला तरी चालतं. खिसे रिकामे करावेत, नाहीतर किल्ल्यांच्या वजनाने ते लोंबतात. वरून प्लॅस्टिक नको, जुन्या सुती साडीची पिशवी शिवून घालावी, तिच्यातून हवा खेळते.

जागा आतल्या भिंतीची निवडावी. पत्र्याजवळ, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला किंवा ओल येणाऱ्या भिंतीला कपाट टेकलेलं नको. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस उघडलेल्या दिवशी जाकीट तासभर पंख्याखाली टांगावं आणि कॉलर, काख बघून घ्यावी.

थंडीत अवकाळीत भिजलंच तर सुती कापडाने टिपून, पंख्याच्या वाऱ्याला एक-दोन दिवस ठेवावं. चुलीजवळ किंवा मोटारसायकलच्या गरम इंजिनवर वाळवलेलं जाकीट लाकडासारखं ताठ होतं आणि पहिल्यांदा कोपर वाकवला की तिथेच तडकतं.