ग्रापा

* या प्रकरणातले सैनिक पितात ती ग्रापा म्हणजे इटलीतली द्राक्षाच्या चोथ्याची ब्रँडी. फ्रान्सची कोन्याक द्राक्षरसाच्या वाइनपासून होते. आंबट, जेमतेम ९ टक्के मद्यार्काची ही वाइन तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळून किमान २ वर्षे ओकच्या पिंपात मुरवतात. तिचा मऊपणा आणि व्हॅनिलासारखा वास बराचसा त्या लाकडाचा. ग्रापाला रस काढून उरलेल्या साली आणि बिया लागतात. हा चोथा थेट आचेवर तळाला करपतो, म्हणून पुष्कळदा त्यातून वाफ सोडून मद्यार्क काढतात. चोथा ताजाच हवा. तो उघड्यावर पडून राहिला की आंबतो, आणि व्हिनेगरचा तो वास दारूत उतरतो. पहिली उग्र धार बाजूला काढावी लागते. न मुरवलेली ग्रापा पाण्यासारखी नितळ असते. घशाला झोंबते, पण चांगली असेल तर तिला द्राक्षाच्या सालीचा सुगंध स्पष्ट येतो. पुढे येणारी काल्वादोस नॉर्मंडीतली, सफरचंदाच्या सायडरची. त्यासाठी कडू, गोड, आंबट अशा जातींची सफरचंदे मिसळतात. कोवळ्या काल्वादोसला ताज्या फळाचा वास असतो, मुरलेलीला भाजलेल्या सफरचंदाचा. — संपा.